कॉर्नर उंचच मारायचा का?

शाळेच्या मॅचमध्ये कॉर्नर मिळाला की सगळे ओरडतात, ‘उंच मार!’ पण सातवी-आठवीतल्या बहुतेक पोरांची किक लांबच्या पोस्टपर्यंत पोचतच नाही. जवळचा डिफेंडरच बॉल उडवून लावतो. म्हणून मला वाटतं, शाळेच्या टीमने आधी शॉर्ट कॉर्नर बसवावा.

एक जण झेंड्यापासून पाच-सहा मीटरवर येतो. डिफेंडरला 9.15 मीटर लांब राहावं लागतं, त्यामुळे पहिला पास आरामात मिळतो. खरी गोची पुढे आहे. थेट कॉर्नरवर ऑफसाइड नसतो, परतीच्या पासवर मात्र असतो! किक मारणारा तिथेच रेंगाळला तर शिट्टी वाजलीच. त्याने लगेच बॉलच्या मागे यायला हवं.

आता डिफेंडर्सचं बघा. कीपरसोबत आणखी एक जण पोस्टला चिकटून गोललाइनवर थांबला, तर समोरचा कुणीच ऑफसाइड होत नाही. म्हणून शॉर्ट पास गेला रे गेला की पोस्टवाल्याने बाहेर पळायचं.

थ्रो-इनवर मात्र ही युक्ती चालत नाही. थेट थ्रोवर ऑफसाइडच नसतो. तिथे लाइन पुढे ओढू नका, आपापला माणूस धरा.