‘उद्या’ हा शब्द आणि दुकानाचा शुभारंभ

नवे दुकान उघडण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोज एक ओळ लिहून दिवस मोजण्याची चाल हल्ली आमच्या बेळगावातही रूढ झाली आहे. ‘दहा दिवस शिल्लक’, ‘नऊ दिवस शिल्लक’ अशा ओळी भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये झळकतात. ही चाल आम्हांस नापसंत नाही. परंतु या ओळींपैकी बहुतेक पोकळ असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘लवकरच काहीतरी भव्य येत आहे’ हे वाचून गिऱ्हाइकाने करावे तरी काय?

गतवर्षांपैकी २०२५ सालच्या अक्षय्यतृतीयेस, म्हणजे बुधवार, ३० एप्रिल रोजी, शहापुरात एका तरुणाने धान्याचे लहानसे दुकान उघडले. मुहूर्त व्यवहारदृष्ट्याही योग्य होता; कारण वर्षाचे धान्य घराघरांत याच सुमारास भरले जाते. त्याने दहा ओळी लिहून आम्हांस दाखविल्या. आम्ही त्यांतील पाच कमी करविल्या आणि उरलेल्या पाचही बदलविल्या.

पहिला दोष ‘उद्या’ या शब्दाचा. स्टेटस चोवीस तास राहते. रात्री नऊ वाजता लिहिलेले ‘उद्या शुभारंभ’ कोणी दुसऱ्या दिवशी सायंकाळी वाचले, तर तो एक दिवस उशिरा येणार. ‘तीन दिवसांनी’ या शब्दांचेही तसेच. आजचा दिवस धरावयाचा की सोडावयाचा, यावर घरातच दोन मते पडतात. म्हणून प्रत्येक ओळीत वार आणि तारीख हवीच. दिवसांचा आकडा केवळ शोभेसाठी.

दुसरा दोष याहून मजेचा होता. ‘आमचा क्रमांक जपून ठेवा’ अशी विनंती त्याने स्टेटसमध्येच केली होती. दुकानदाराचा क्रमांक ज्यांच्याजवळ नाही त्यांना ते स्टेटस दिसतच नाही. दुकानदारानेही त्यांचा क्रमांक नोंदविलेला असावा लागतो. तेव्हा ही विनंती दुकानाच्या दारावरील फळ्यावर खडूने लिहावयाची. त्याच फळ्यावर रोजची ओळही लिहिली, म्हणजे भ्रमणध्वनी न वापरणाऱ्या वृद्ध मंडळींचीही सोय होते.

अखेर ठरलेल्या ओळी अशा होत्या :

२३ एप्रिल : ‘बुधवार, ३० एप्रिल, अक्षय्यतृतीया. शहापुरात धान्याचे दुकान उघडत आहे. वर्षाचे धान्य भरण्यापूर्वी एकदा पाहून जावे.’

२५ एप्रिल : ‘विजापूरकडील शाळू आला. वानगी दारात ठेवली आहे. दाताखाली फोडून पाहावा. विक्री बुधवार, ३० रोजी.’

२७ एप्रिल : ‘मोहोर केलेला काटा मांडला आहे. घरचे वजन आणून ताडून पाहावे. विक्री बुधवार, ३० रोजी.’

२९ एप्रिल : ‘बुधवार, ३० एप्रिलचे भाव आज मंगळवारी सायंकाळी सहा वाजता दारावरील फळ्यावर.’

३० एप्रिल : ‘बुधवार, ३० एप्रिल, सकाळी नऊपासून काटा सुरू.’

प्रत्येक ओळीत पूर्ण झालेले एकच काम आहे आणि गिऱ्हाइकास ते जाऊन पाहता येते, हे ध्यानात घ्यावे. यासाठी मोजणी केव्हा आरंभावी यालाही महत्त्व आहे. वैधमापन खात्याची मोहोर काट्यावर झाल्यावाचून व अन्नविक्रीची नोंदणी हाती आल्यावाचून पहिली ओळ लिहूच नये. ही कामे आपल्या हातची नसतात. कागद अडला की तारीख पुढे जाते. आणि एकदा मोजलेले दिवस पुन्हा मोजू लागलेल्या दुकानाकडे लोक संशयाने पाहतात.

भावाची ओळ शेवटच्या सायंकाळपर्यंत रोखून धरण्याबद्दल त्या तरुणाने आमच्याशी बराच वाद घातला. भाव आधी सांगितला तर लोक अधिक ओढले जातील, असे त्याचे म्हणणे. परंतु पेठेतील भाव रोज हलतो. आठवडाभर आधी लिहिलेला भाव चढत्या बाजारात पदरचे घालून पाळावा लागतो, अन् उतरत्या बाजारात शेजारचा दुकानदार त्याचाच दाखला देऊन गिऱ्हाईक नेतो. छायाचित्र काढून पुढे पाठविलेली ओळ पुसताही येत नाही. फळ्यावर मात्र भावाखाली ‘आजच्या दिवसापुरता’ असे लिहिता येते.

वानगीच्या ओळीचा उपयोग तर आमच्याही अपेक्षेबाहेर झाला. वाळलेला शाळू दाताखाली कट्‌दिशी फुटतो. ओल राहिली असेल तर दाणा चेपतो. २५ तारखेसच दोन गृहिणींनी एका वानगीचा दाणा चेपून दाखविला. असा शाळू वर्षभराच्या साठवणीत गेला असता तर पावसाळ्यात त्यास बुरशी व किडे लागते. त्या वानगीची पोती दुसऱ्याच दिवशी परत गेली आणि त्यांच्या जागी वाळलेला माल सोमवारी, २८ रोजी, दुकानात येऊन पडला. बुधवारी त्या दोघी आल्या, नव्या पोत्यातील दाणा पुन्हा दाताखाली धरला, आणि मगच पिशव्या पुढे केल्या.