कोण बोललें आणि कोणीं केलें?

सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासावयास घेतल्या म्हणजे व्याकरणाच्या प्रश्नाशीं आम्ही दर वर्षीं थबकतों. यंदाही तसेंच झालें. प्रश्न होता, "प्रत्यक्ष कथनाचें अप्रत्यक्ष कथन करा." दिलेलें वाक्य अगदीं साधें होतें: गणू म्हणाला, "मी आजारी आहे." यास बऱ्याच मुलांनीं उत्तर लिहिलें, "गणू म्हणाला कीं तो आजारी होता." कांहींनीं "गणू म्हणाला कीं मी आजारी आहे" असें लिहून, मग भीति वाटून, 'मी' खोडिला व 'तो' केला. एका मुलीनें मात्र लिहिलें, "आपण आजारी आहों असें गणूनें सांगितलें."

आम्हीं पहिल्या उत्तरास गुण दिले नाहींत. दुसरें, खोडण्यापूर्वीं होतें तसें, आम्हीं बरोबर धरिलें. तिसऱ्यास पूर्ण गुण दिले. निकाल लागल्यावर एक पालक आमच्याकडे आले आणि आदरपूर्वक पण निश्चयानें म्हणाले, "गुरुजी, इंग्रजीच्या तासास हाच नियम शिकवितात. मुलानें तोच येथें लाविला. मग गुण कां गेले?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर सर्वांनींच वाचावें म्हणून हा लेख.

इंग्रजींत सांगणारें क्रियापद भूतकाळीं असलें म्हणजे अवतरणांतील वर्तमानकाळही सामान्यतः एक पायरी मागें सरकतो. तेथें 'ॲम'चें 'वॉज' होतें आणि 'विल'चें 'वुड' होतें. गणूचा आजार संपला असा त्याचा अर्थ नव्हे. तो त्या भाषेचा रिवाज आहे, आणि इंग्रजी लिहितांना तो पाळलाच पाहिजे. मराठींत हा रिवाज नाहीं. मराठीचा काळ ज्यानें बोलणें केलें त्याच्या घडीशीं बांधलेला राहतो. गणू बोलला त्या वेळीं आजार चालू होता. म्हणून मराठींत 'आहे' तें 'आहे'च राहतें. 'होता' लिहिलें कीं मराठी वाचक समजतो, आजार होऊन गेला.

याची परीक्षा विद्यार्थ्यास स्वतः घेतां येते. आपण लिहिलेलें अप्रत्यक्ष वाक्य पुन्हा अवतरणचिन्हांत घालून पाहावें, आणि मूळचे शब्द परत मिळतात कीं नाहीं तें बघावें. "तो आजारी होता असें गणू म्हणाला" हें उलटविलें तर मिळतें, "मी आजारी होतों," किंवा त्याहून वाईट, "तो आजारी होता," म्हणजे दुसराच कोणी, गोपाळ म्हणा. गणूचे शब्द हरवले. "आपण आजारी आहों असें गणूनें सांगितलें" हें उलटविलें तर "मी आजारी आहे" हेंच मिळतें, दुसरें कांहीं मिळूं शकत नाहीं. मराठीचा 'आपण' हा असा उपयोगी शब्द आहे. ज्यानें बोलणें केलें त्याच्याकडेच तो परत जातो. इंग्रजीच्या 'ही'स हें सामर्थ्य नाहीं. तो गणूही असेल, गोपाळही असेल.

आतां दुसऱ्या उत्तराविषयीं. 'मी' तसाच ठेवणें हें आमच्या बोलण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. घरांतील आजी शेजारच्या मुलास सांगते, "बाजारांतून येतांना भेटतें म्हणून तुझ्या आईला सांग." भेटणार कोण, हा प्रश्न मुलास पडत नाहीं. येथें 'म्हणून' हा शब्दच अवतरणचिन्हाचें काम करितो: आजीचे शब्द येथें संपले, असें तो सांगतो. मोडी कागदांत आजच्यासारखीं अवतरणचिन्हें नव्हतीं. जुन्या पत्रांत दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा देऊन शेवटीं 'म्हणोन लिहिलें' असें घालीत, आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होत नसे. इंग्रजी विरामचिन्हें मराठी गद्यांत आलीं तीं एकोणिसाव्या शतकांत, आणि तें श्रेय मुख्यतः मेजर टॉमस कँडी यांस देतात. तेव्हां दुहेरी चिन्हें काढून टाकावयाचीं असा प्रश्न आला, तर मराठी मुलाच्या हाताशीं 'म्हणून' आणि 'असें' हे दोन घरचेच शब्द आहेत. 'कीं' घातल्यावांचून अप्रत्यक्ष कथन होत नाहीं, ही समजूत आम्हांस कळत नाहीं.

तरीही लेखनांत 'मी'पेक्षां 'आपण' बरा, हें आम्ही कबूल करितों. कारण लिहिलेला कागद ज्याच्या हातीं पडतो त्यास बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाहीं.

'आपण'सुद्धां सर्वत्र चालेल असें मात्र नाहीं. गुरुजी गणूस म्हणाले, "उद्यां तुझी वही आण." याचें रूपांतर "गुरुजींनीं गणूस आपली वही आणावयास सांगितलें" असें केलें, तर वही गुरुजींची कीं गणूची? दोन्ही अर्थ लागतात. येथें "त्याची वही" हें अधिक बरें, आणि "गणूस गणूचीच वही" असें लिहिलें तरी आम्ही हंसणार नाहीं. या वाक्यांतला 'उद्यां'ही असाच फसवा आहे. पाठ केलेल्या तक्त्यांत 'उद्यां'च्या समोर 'दुसऱ्या दिवशीं' असतें, आणि मुलें डोळे मिटून तें उतरवितात. परंतु गुरुजी सकाळीं बोलले व गणू त्याच संध्याकाळीं घरीं सांगत असेल, तर 'उद्यां' हा 'उद्यां'च राहिला पाहिजे. आठवड्यानें सांगत असेल, तर 'दुसऱ्या दिवशीं'. तक्ता हें जाणत नाहीं. विद्यार्थ्यानेंच विचारावयाचें, हें केव्हां सांगितलें जात आहे?

या वाक्यांत आणखी एक बदल मुकाट्यानें झाला, तो किती जणांनीं पाहिला? मूळांत "गुरुजी म्हणाले" असें होतें, नंतर "गुरुजींनीं सांगितलें" असें झालें. 'म्हणणें' हें क्रियापद भूतकाळीं कर्त्याच्या मागें जातें: गुरुजी म्हणाले, बाई म्हणाल्या. 'सांगणें' घेतलें कीं कर्त्यास 'नें' किंवा 'नीं' लागतो, आणि क्रियापद त्याला सोडून जातें. म्हणजे कथन बदलतांना प्रयोगही बदलला. परीक्षेंत हे दोन निरनिराळे प्रश्न असतात, पण भाषेंत ते शेजारीं शेजारीं राहतात.

प्रयोगाच्या प्रश्नांतही तोच इंग्रजी सांचा आडवा येतो. "रामानें आंबा खाल्ला. कर्मणी करा," असें वाक्य आम्हीं एका छापील प्रश्नसंचांत पाहिलें आहे, आणि अपेक्षित उत्तर होतें, "रामाकडून आंबा खाल्ला गेला." प्रश्नच चुकलेला. मूळ वाक्य कर्मणीच आहे! कर्म बदलून पाहा: रामानें चिंच खाल्ली, रामानें बोर खाल्लें. क्रियापद रामाकडे पाहत नाहीं, खाण्याच्या वस्तूकडे पाहतें. मराठी व्याकरणांत कर्मणी म्हणजे हेंच. इंग्रजीचा 'पॅसिव्ह' निराळा. तेथें कर्त्यास वाक्याच्या मुख्य जागेवरून काढून कर्मास तेथें बसवितात. "खाल्ला गेला" हें त्याच्या जवळचें रूप. त्याला कोणी नवीन कर्मणी म्हणतात, कोणी कर्मकर्तरी. मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं निघालें. प्रयोगांची चर्चा त्यांत फार सविस्तर आहे, आणि वरच्या वर्गांतील मुलांनीं एकदां तरी तें चाळावें.

एक ठिकाण मात्र खरोखर कठीण आहे. "मीं आंबा खाल्ला" यांत 'नें' दिसत नाहीं, म्हणून मुलें त्यास कर्तरी म्हणून मोकळीं होतात. कर्म बदलण्याची परीक्षा येथेंही लावावी: मीं चिंच खाल्ली. क्रियापद बदललें, तेव्हां कर्मणी. जुन्या लेखनांत या 'मीं'वर अनुस्वार देत, त्यानें तृतीया विभक्ति डोळ्यांस दिसे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तो गेला. आम्हीं या पानांवर जुनें वळण ठेविलें आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. उलट "ती धडा शिकली", "तो निरोप विसरला" यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्याबरोबर जातें. हीं मोजकीं क्रियापदें ओळखून ठेवावीं लागतात.

मग 'गेला' आणि 'करण्यांत आला' हीं रूपें मराठींत नकोतच काय? असें आम्ही म्हणत नाहीं. "शाळा सोमवारीं बंद ठेवण्यांत येईल" या सूचनेंत बंद कोण ठेवणार हें सर्वांस ठाऊक असतें, सांगण्याची गरज नसते. कर्ता ठाऊक नसेल तेथेंही हें रूप योग्य. पण कर्ता ठाऊक असून लिहिणाऱ्यानें तो गाळला, तर वाचकानें सावध व्हावें. खिडकीची कांच फुटली कीं वर्गांत नेहमीं "कांच फोडली गेली" असेंच ऐकूं येतें. इतकें शुद्ध कर्मकर्तरी रूप परीक्षेंत मात्र कोणी लिहीत नाहीं.

या गोष्टीचें एक उदाहरण आपल्या गांवचेंच आहे. वर्गांतील एका मुलाच्या इतिहासाच्या वहींत हें वाक्य होतें: "१७५० सालीं सांगोला येथें करार करण्यांत आला व राज्याची सत्ता पेशव्यांकडे सोपविण्यांत आली." आम्हीं तें फळ्यावर लिहिलें आणि विचारिलें, कर्ता कोठें आहे? कोणासच सांपडेना. ज्या गांवीं आपण राहतों तेथें मराठी राज्याचा कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत गेला, आणि वाक्यांत देणाऱ्याचें नांव नाहीं! मग इतिहासाचें पुस्तक उघडून मुलांनीं कर्ता शोधिला. देणारे छत्रपति रामराजे. घेणारे नानासाहेब पेशवे. आणि त्या प्रसंगीं सदाशिवरावभाऊ फौजेसह येथें आलेले होते. वाक्य असें झालें: "१७५० सालीं रामराजांनीं सांगोला येथें करार केला व राज्याची सत्ता पेशव्यांकडे सोपविली." प्रयोग ओळखा म्हटल्यावर सर्वांनीं हात वर केले: करार 'केला', सत्ता 'सोपविली', दोन्ही कर्मणी.

तेवढ्यांत मागच्या बाकावरील एकजण उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, फौज दाराशीं असतां रामराजांनीं सोपविली म्हणावें, कीं त्यांच्याकडून सोपवून घेतली गेली म्हणावें?" घंटा झाली होती. पुढच्या तासास दोन्ही वाक्यें फळ्यावर तशींच होतीं, आणि त्यांपैकीं कोणतें पुसावयाचें याविषयीं वर्गाचें एकमत अद्याप झालेलें नाहीं.