दात काढायच्या आधी "सगळ्या गोळ्या बंद" म्हणणं बंद करा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी दम्याचं, संधिवाताचं, त्वचेच्या जुन्या दुखण्याचं किंवा किडनीचं पेशंट असेल, तर पाच मिनिटं काढून वाचा.

मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवतो. आमच्याकडे दाढ काढायला येणारा पेशंट बऱ्याचदा अभिमानाने सांगतो, "डॉक्टर, कालपासून सगळ्या गोळ्या बंद ठेवल्यात." कुणी सांगितलं? शेजाऱ्याने, मेडिकलवाल्याने, आणि कधी कधी आमच्याच व्यवसायातल्या कुणीतरी. बीपीची बंद, रक्त पातळ करायची बंद, आणि त्याच हिशोबात "ती सांध्याची छोटी पांढरी गोळी" पण बंद. माझं भांडण या शेवटच्या गोळीवरून आहे.

ती छोटी पांढरी गोळी बहुतेक वेळा स्टिरॉइड असते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन. यातली कुठलीही गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्या माणसाने ती एकदम बंद करणं, आणि तेही शरीरावर ताण येणार त्याच दिवशी, ही खबरदारी नाही. हा धोका आहे, आणि तो आपण आपल्या हाताने तयार करतो.

कारण सोपं आहे. प्रत्येक किडनीच्या वर टोपीसारखी एक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. ती रोज कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तयार करते. रक्तदाब टिकवणं, साखर टिकवणं, ताप-जखम-ऑपरेशन झेलणं या सगळ्यात त्याचा हात असतो. ताण आला की निरोगी ग्रंथी उत्पादन वाढवते. पण बाहेरून रोज स्टिरॉइड येत राहिलं की मेंदू ग्रंथीला हुकूम देणं थांबवतो, कारण माल आयता मिळतोय. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून ग्रंथी आक्रसते. अशा माणसाचं कॉर्टिसोल त्याच्या शरीरात नसतं, ते त्याच्या गोळ्यांच्या पाकिटात असतं. पाकीट बंद केलं की पुरवठाच बंद.

किती गोळ्यांनी असं होतं? प्रेडनिसोलोन रोज 5 मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवडे किंवा जास्त, एवढं झालं की ग्रंथी झोपली असेल असं धरून चालायचं. डेक्सामेथासोनच्या 0.5 च्या आकड्यावर जाऊ नका. ती एक गोळी प्रेडनिसोलोनच्या तीन-साडेतीन मिलिग्रॅमच्या तोडीची आहे. दिवसाला दोन घेतल्या की मर्यादा ओलांडली. आणि गोळी थांबवली म्हणून ग्रंथी दुसऱ्या दिवशी जागी होत नाही. सहा महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून "आता घेत नाही, दिवाळीतच सोडली" हे उत्तर ऐकून दंतवैद्याने निश्चिंत व्हायचं नसतं.

हे ज्ञान नवं नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली संधिवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं गेलं आणि 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, कॉर्टिसोनवर असलेला संधिवाताचा एक पेशंट खुब्याच्या ऑपरेशननंतर शॉकमध्ये जाऊन दगावल्याची नोंद वैद्यकीय मासिकात आली. ग्रंथी आक्रसलेल्या होत्या. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी समजलेली गोष्ट आपल्या दवाखान्यातल्या फॉर्मवर अजून उतरलेली नाही.

आता नेमकं काय बिघडतं ते बघू. असा एक पेशंट डोळ्यांसमोर आणा. अठ्ठावन्न वर्षांच्या मावशी, गुडघे आणि बोटं दुखतात, तीन वर्षं रोज सकाळी प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅम. खालच्या दाढेत पू झालाय, दोन दिवस कणकण, जेवण अर्धवट. "दात काढायचाय" म्हणून सकाळची गोळी घेतलेली नाही.

अकराला दाढ निघते. वीस मिनिटांचं काम, मावशी हसत घरी जातात. खुर्चीवर काहीच होत नाही, आणि म्हणूनच आपण सगळे गाफील राहतो. साध्या दात काढण्यात शरीरावर खरा ताण सुरू होतो तो भूल उतरल्यावर, दुखायला लागल्यावर, म्हणजे पुढच्या काही तासांत. त्या वेळी मावशी घरी असतात. तोंड बधिर, चावता येत नाही, म्हणून जेवण नाही. "गोळी जेवणानंतर घ्यायची" असं सांगितलेलं, आणि जेवण नाही म्हणून दुपारीही गोळी नाही. रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेतली, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. संध्याकाळपर्यंत उठून बसवत नाही, पोटात दुखतंय, मळमळ थांबत नाही, बोलणं असंबद्ध, आणि कुणी बीपी बघितलाच तर वरचा आकडा ऐंशीच्या घरात.

घरचे काय म्हणतात? "अशक्तपणा आलाय, काही खाल्लं नाही ना." जवळचा डॉक्टर म्हणतो, "ॲसिडिटी आहे" किंवा "इन्फेक्शन चढलं." दातापर्यंत कुणी जात नाही, गोळीपर्यंत तर कुणीच नाही.

भीतीने येणारी चक्कर आणि ही अवस्था यात फरक आहे, तो घरच्यांनाही ओळखता येतो. चक्कर सुईच्या आसपास येते, नाडी मंद होते, आडवं करून पाय वर केले की माणूस थोड्या मिनिटांत सावरतो. ॲड्रिनलचा झटका तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, उलट्या आणि पोटदुखी घेऊन येतो, आणि आडवं करून माणूस सावरत नाही. तिथे वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा आणि पहिलं वाक्य हे बोलायचं: "पेशंट कायम स्टिरॉइडवर आहे, गोळ्या चुकल्यात." उपचार आहे हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, शिरेत किंवा स्नायूत, आणि सलाईन. साधं, जुनं औषध. ते एका वाक्यावर अडतं, कारण ते वाक्य कुणी बोलत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडतो. आमच्यातले काही जण "स्टिरॉइड" शब्द ऐकला की हात आखडतात, किंवा साध्या फिलिंगलाही जादा डोस ठोकतात. दोन्हीची गरज नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांमुळे ग्रंथी झोपलेल्या पेशंटला जागेवरची भूल देऊन एखादा दात काढायचा असेल, तर त्याने रोजचा डोस त्या दिवशी नेहमीच्या वेळी घेतलेला असणं सहसा पुरतं. पूर्ण भूल देऊन जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भूलतज्ज्ञ सुरुवातीलाच 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन देतात आणि पुढे चोवीस तासांत 200 चालू ठेवतात. मधल्या प्रकारात, म्हणजे हाड कापून अक्कलदाढ काढणं, एका बैठकीत अनेक दात, किंवा आधीच ताप आणि पू, तिथे ज्यांनी स्टिरॉइड लिहून दिलंय त्या डॉक्टरांना फोन करायचा आणि एक-दोन दिवस डोस वाढवायचा का ते विचारायचं. ज्यांची ग्रंथीच आजाराने निकामी झालीय, त्या ॲडिसनच्या पेशंटना हा ढोबळ नियम लावायचा नाही. त्यांच्या तज्ज्ञांचं ऐकायचं.

म्हणजे त्या मावशींचं नीट कसं झालं असतं? आदल्या दिवशी गोळ्यांचं पाकीट बघितलं. त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. ताप असल्याने त्यांनी ताप उतरेपर्यंत डोस दुप्पट केला. सकाळी नऊची वेळ, चहा-नाश्ता आणि गोळी घेऊनच यायचं. दाढ निघाल्यावर दुखणं सुरू होण्याआधी पॅरासिटामॉल, आणि पुढे घड्याळ लावून. स्टिरॉइडसोबत आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक शक्यतो नाही, पोटात अल्सर आणि रक्तस्राव होतो. दुपारी गार पेज, मऊ भात, आणि जेवण झालं नाही तरी स्टिरॉइडची गोळी दुधाबरोबर चालू. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटली तर पुन्हा घ्यायची, तीही उलटली तर थेट दवाखाना, कारण पोटात न राहणारी गोळी घेतली काय आणि न घेतली काय. संध्याकाळी एक फोन. एवढंच.

मग हे होत का नाही? कारण पेशंटला आपण काय घेतो तेच माहीत नसतं. गोळ्या पट्टीतून कापून कागदाच्या पुडीत मिळतात, वर ना नाव ना तारीख. स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, तरी "सांध्याची ती गोळी द्या" म्हटलं की मिळते. त्यात 2021 मध्ये म्युकरमायकोसिस आला. साखर वाढलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या कोविड पेशंटचे वरचे जबडे काढावे लागलेले महाराष्ट्राने बघितले. तेव्हापासून लोक स्टिरॉइडचं नाव लपवतात, नाहीतर भीतीने स्वतःच एकदम सोडतात. ती भीती खोटी नव्हती. पण गरज नसताना सुरू करणं जितकं वाईट, तितकंच वाईट सुरू असलेलं झटक्यात तोडणं. कमी करायचं तर डॉक्टरांकडून, हळूहळू.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने 2020 मध्ये अशा पेशंटसाठी खिशात ठेवायचं स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड काढलं. आपल्याकडे रेशन कार्ड पाकिटात घालून फिरतो, पण "मी स्टिरॉइडवर आहे" हे सांगणारा कागद नाही. तोवर हाताने लिहा. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, कधीपासून, डॉक्टरांचा फोन.

माझ्या व्यवसायबंधूंना दोन मागण्या. फॉर्मवर "बीपी, शुगर" च्या खाली एक ओळ वाढवा: "गेल्या वर्षभरात दमा, सांधे, त्वचा, किडनी यांसाठी महिनाभर किंवा जास्त गोळ्या किंवा पुड्या घेतल्या का? पाकीट दाखवा." आणि इमर्जन्सीच्या डब्यात हायड्रोकॉर्टिसोनची एक बाटली ठेवा, तारीख बघून. मेडिकलवाल्या मित्रांना एक मागणी. पट्टी कापून दिली तरी नावाचा तुकडा पेशंटकडे जाऊ द्या.

आणि पेशंट म्हणून तुम्ही एवढंच करा: दातांच्या डॉक्टरकडे जाताना पुडी लपवू नका, पुडी घेऊन या. आणि त्या दिवशी सकाळची गोळी घेऊनच या.

(कॉपी-पेस्ट, फॉरवर्ड, काय हवं ते करा. नाव नाही टाकलं तरी चालेल, मिलिग्रॅमचे आकडे मात्र बदलू नका.)