अर्जासोबतचं पत्र आणि नवं प्रमाणपत्र

गंगापूर रोडवर राहणारी, अन्न तंत्रज्ञानाची पदवी नुकतीच घेतलेली एक उमेदवार दिंडोरी तालुक्यातल्या टोमॅटो सॉसच्या कारखान्यात क्वालिटी असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करते आहे, असं धरू. हाती नवं प्रमाणपत्र आहे : एफएसएसएआयच्या ‘फॉस्टॅक’ योजनेतलं फूड सेफ्टी सुपरवायझरचं. अशा अर्जांत ‘मी एफएसएसएआय सर्टिफाइड आहे’ असं वाक्य सर्रास येतं आणि तिथेच गडबड होते. परवाना मिळतो तो कारखान्याला. उमेदवाराने पूर्ण केलेलं असतं ते प्रशिक्षण. म्हणून अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, तो कोणत्या गटाचा (इथे उत्पादनाचा), तारीख आणि प्रमाणपत्र क्रमांक एवढं लिहावं. त्याची मुदत दोन वर्षांची असते, तीही लिहून टाकावी.

या प्रमाणपत्राचा मालकाला थेट उपयोग असतो, आणि पत्रात बहुधा तोच राहून जातो. अन्न हाताळणाऱ्या दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, अशी एफएसएसएआयची अपेक्षा आहे. हात धुणं, टोपी, जखमेवरची पट्टी हे सगळं त्याने इतरांना शिकवायचं असतं. तेव्हा ‘पॅकिंग लाइनवरच्या कामगारांना हे प्रशिक्षण मराठीतून देऊ शकेन’ हे एक वाक्य अर्ध्या पानाच्या आत्मस्तुतीपेक्षा कामाचं.

मात्र हे प्रशिक्षण थोड्या तासांचं असतं. प्रयोगशाळेतला हात त्यातून सिद्ध होत नाही. तो कॉलेजच्या प्रकल्पातून दाखवावा लागतो. उदाहरणार्थ :

‘प्रकल्पात सॉसच्या एका घाण्याचा पीएच ४.४ आला. आधीचे घाणे ३.९ च्या आसपास होते. मीटर ४.० च्या बफरमध्ये बुडवून पाहिला, तर तो ४.५ दाखवत होता. ४ आणि ७ च्या बफरवर मीटर पुन्हा लावला, नमुना परत तपासला; पीएच ३.९ आला. दोन्ही नोंदी आणि कारण वहीत ठेवलं.’

अनुभवी क्वालिटी मॅनेजर हा परिच्छेद दोनदा वाचेल. पीएच ४.६ च्या वर गेला की बोट्युलिझमच्या जंतूंना वाढायला वाव मिळतो, त्यामुळे ४.४ हा आकडा घाबरवणारा नसला तरी दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. उमेदवाराने घाण्यात व्हिनेगर ओतण्याआधी उपकरणावर संशय घेतला आणि चुकीचा आकडा खोडून टाकला नाही, हे त्यातून कळतं. प्रकल्प गटाने केला असेल, तर आपण स्वतः काय केलं तेवढंच लिहावं. मुलाखतीत बफर कोणत्या क्रमाने वापरले, हे विचारलं जातंच.

‘हॅसप’ फक्त शिकलेलं असेल तर ‘अभ्यासलं आहे’ म्हणावं, ‘राबवलं’ नव्हे. पत्र एका पानात संपावं. शेवटी कधीपासून रुजू होता येईल आणि टोमॅटोच्या हंगामात रात्रपाळी चालेल का, हे सांगावं; गंगापूर रोडहून दिंडोरीकडे जाण्याची सोय काय, हेही एका ओळीत.