हातात किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, बेसिक किती?

परवा विक्रोळी स्टेशनबाहेर चहा पिताना कन्नमवार नगरातल्या एका पोराने मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवली. "काका, तीस हजार पगार आहे, पण पीएफ एवढाच का?" स्लिपवर बेसिक 10,000, एचआरए 5,000 आणि 'स्पेशल अलाउन्स' 15,000. पीएफ कापला होता 1,200. म्हणजे फक्त बेसिकच्या 12 टक्के.

बेसिक म्हणजे कामाचा मूळ मोबदला. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बहुतेक ठिकाणी एचआरए व रजेचे पैसेही त्यावरूनच मोजतात. म्हणून कंपनी बेसिक लहान ठेवते आणि उरलेला पगार भत्त्यांच्या खिशात टाकते. महिन्याचा आकडा तोच दिसतो, मागचं देणं मात्र आटतं.

पीएफपुरती ही वाट सुप्रीम कोर्टाने 28 फेब्रुवारी 2019 ला बरीचशी बंद केली. जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो, तो पीएफ मोजताना बेसिकमध्येच धरायचा. एचआरए यातून वगळलेला आहे. या पोराचा स्पेशल अलाउन्स सगळ्या स्टाफला मिळतो. मग त्याचा पीएफ 25,000 वर मोजायला हवा. कायद्याची सक्ती 15,000 पर्यंतच असल्याने कंपनी तिथे थांबू शकते, पण तरी 1,800 होतात. त्याचे 600 कमी, कंपनीचेही 600 कमी. दर महिन्याला.

ग्रॅच्युइटीचं गणित आणखी बोलकं आहे. शेवटचा पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. जुन्या कायद्यात इथे पगार म्हणजे फक्त बेसिक आणि डीए. दहा वर्षांनी 10,000 वर 57,692 रुपये मिळतात, 15,000 वर 86,538. जवळपास एकोणतीस हजारांचा फरक, तोही एका शब्दाच्या नावावरून!

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत यावर उपाय आहे. एचआरए, प्रवासभत्ता अशा वगळलेल्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणजे तीस हजारांत किमान 15,000 वेतन.

"पण मग हातातला पगार कमी होईल ना?" पोराने विचारलं. होईल. त्याचे 600 जास्त कापले जातील, आणि कंपनीने आपला हिस्साही सीटीसीतूनच काढला, तर आणखी 600 जातील. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला हे जड आहे, मान्य. पण ते 1,200 त्याच्याच नावावर जमा होणार आहेत. आणि कंपनीने आपला वाटा त्याच्याच पगारातून काढू नये, यासाठी भांडायला हवं.

आज रात्री एवढं करा. पीएफच्या पासबुकात आपल्या हिश्श्याचा महिन्याचा आकडा बघा, 100 ने गुणा, 12 ने भागा. जे उत्तर येईल, तेवढाच तुमचा पगार कंपनीने पीएफला दाखवलाय. 15,000 पेक्षा कमी आला, तर स्लिप घेऊन एचआरकडे लेखी विचारा. तोंडी नको.