चौथे माप कोण घेणार?

पुलाच्या कमानीचे तीन बिंदू मोजून वर्गसमीकरण मांडण्याचे गणित आपण फार निर्धास्तपणे सोडवतो. १० मीटर गाळ्याची, मधोमध ५ मीटर उंच दगडी कमान घ्या. दोन्ही टोके आणि माथा यांवरून y = x(१० − x)/५ मिळते; टोकापासून २ मीटरवर उंची ३.२ मीटर. पण कमान अर्धवर्तुळाकार असेल, तर तिथे ओळंबा सोडून मोजल्यास ४ मीटर भरते! अशा तीन बिंदूंतून अन्वस्त जाणारच. त्यात कमानीची साक्ष कुठली? टोकाजवळचे चौथे माप ताडून पाहिल्यावाचून असे उत्तर मान्य करू नये, असे माझे मत आहे. गाळा ८ मीटर आणि उंची एकच मीटर असलेल्या वर्तुळखंडी कमानीत मात्र फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा. तिथे माझी तक्रार नाही.