दहावीपर्यंतचं टेबल

जून उजाडला की फर्निचरच्या दुकानांत स्टडी टेबलांना उठाव येतो. आईबाप टेबलावर हात थोपटून पाहतात आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, “दहावीपर्यंत टिकेल ना?” टेबल टिकतंच. अडचण अशी की त्यावर बसणारं मूल आज चौथीत असतं. टेबल असतं मोठ्या माणसाच्या मापाचं, साधारण ३० इंच उंच, आणि सोबतीला येते घरातली १७ इंची प्लास्टिकची खुर्ची. माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासाची जागा सहा वर्षांनंतरच्या मुलासाठी लावू नये, यंदाच्या मुलासाठी लावावी. त्यासाठी नवं टेबल लागत नाही. मोजपट्टी, दोन विटा, एक फळी आणि पाऊण तास पुरतो.

शिर्डीतलं एक घर घेऊ. खाली हार-प्रसादाचं दुकान, वर दोन खोल्या, रस्त्यापलीकडे उंच लॉज. मुलगी चौथीत, उंची ४ फूट ३ इंच, उजव्या हाताने लिहिणारी. टेबल पुढच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीसमोर. आई म्हणाली, “नीट बस, नीट बस म्हणून सांगून थकले, पण ही वाकतेच.” मुलीकडे पाहिलं तर खांदे कानांपर्यंत चढलेले, एक पाय खुर्चीवर दुमडलेला, दुसरा अधांतरी, आणि डावा हात वहीवर आडवा टाकून त्यावर डोकं. ही सवय नव्हे. टेबल उंच असलं की कोपरं वर उचलावी लागतात, खांदे दुखतात, मग हात टेकवून शरीर पुढे झोपतं. पाय लोंबकळले की मांडीखाली खुर्चीची कड रुतते, म्हणून मूल पाय दुमडतं. “नीट बस” म्हणून फरक पडणार नाही, कारण त्या खुर्चीत तिला नीट बसताच येत नाही.

आता मापं. मुलीला भिंतीला पाठ लावून बसवायचं, तळवे जमिनीवर, गुडघ्यात काटकोन. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तिच्या बैठकीची उंची. या उंचीच्या मुलांत ते १४ इंचांच्या आसपास येतं. शाळेच्या बाकांचं युरोपातलं प्रमाणही या मुलांना १४ इंची बैठक आणि २३ इंचांहून थोडं उंच टेबल देतं. यातला लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे दोन्हींमधला फरक, सव्वानऊ-साडेनऊ इंच. टेबल आणि बैठक यांत एवढंच अंतर राहिलं तर खांदे खाली राहून हात पुढे टेकतात.

३० इंची टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेता येतात, पण दोन वर्षांनी पस्तावायला होतं. त्यापेक्षा मुलीला वर उचलावं. टेबल ३०, त्यातून नऊ-साडेनऊ गेले, म्हणजे बैठक साधारण २१ इंचांवर हवी. खुर्ची १७ इंचांची, म्हणून वर ४ इंचांची घट्ट घडी. सतरंजीची किंवा जुन्या गोधडीची घडी चालते, उशी नको. ती दबते आणि दहा मिनिटांत माप बिघडतं. घडी खुर्चीला नाडीने बांधायची, नाहीतर ती सरकून मूल पडतं. बैठक २१ वर गेली तर पायांसाठी ७ इंचांचा आधार लागणार. तीन इंची दोन विटा एकावर एक, वर इंचभर जाडीची फळी, झाले ७. विटांना पोत्याचं कापड गुंडाळलं की फरशीवर ओरखडे येत नाहीत. फळी दोन्ही तळवे सुटे ठेवता येतील एवढी रुंद हवी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे बैठकीची खोली. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक सोळा-सतरा इंच खोल असते. या मुलीची पाठ खुर्चीला टेकेपर्यंत ती मागे सरकली तर कड तिच्या पोटऱ्यांत घुसते, म्हणून ती पुढच्या कडेवर बसते आणि पाठीचा आधार सुटतो. पाठीमागे जाड घडी उभी ठेवून पुढची मोकळी बैठक बारा-तेरा इंचांवर आणायची. गुडघ्यामागे दोन बोटं सहज जावीत, एवढी खूण पुरे.

सगळं लावून झालं की तपासणी. चीनमधल्या शाळांत मुलांना यासाठी एक सोपा नियम शिकवतात: डोळे वहीपासून एक फूट, छाती टेबलाच्या कडेपासून एक मूठ, बोटं पेनच्या टोकापासून एक इंच. दहा मिनिटं लिहू द्यावं आणि मग, तिला न सांगता, बाजूने पाहावं. सुरुवातीला सगळीच मुलं ताठ बसतात. खरं माप दहाव्या मिनिटाला कळतं. खांदे चढलेले दिसले तर बैठक अजून खाली आहे. पाय पुन्हा दुमडला तर फळी खाली आहे.

आजीचं म्हणणं होतं, “आम्ही नाही का मांडी घालून शिकलो?” बरोबर आहे, जमिनीवर बसण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त वही जमिनीवर ठेवून नव्हे. जुन्या पेढ्यांवरचे मुनीम उतरत्या पेटीसारखं बैठं मेज घेऊन बसत, ते उगाच नव्हे. मांडीपुढे जमिनीपासून साधारण नऊ-दहा इंच उंचीचं मेज, पुस्तकाची मागची बाजू चार बोटं उचललेली, आणि बुडाखाली दोन-तीन इंचांची घडी. घडीमुळे कंबर पुढे झुकते आणि पाठ आपोआप सरळ राहते. मात्र अर्ध्या तासाने उठायचं, कारण मांडीत पायांना मुंग्या येतात आणि मग मूल कलतं.

आता उजेड. हे टेबल खिडकीसमोर ठेवलं होतं, उजेड भरपूर मिळेल म्हणून. पण शाळेतून आल्यावर, चार वाजल्यापुढे, पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यांत. पडदा ओढला की अंधार. सूर्य मावळला की समोरच्या लॉजची पाटी लाल-निळी उघडझाप करू लागते. शिर्डीत ही अडचण घरोघरी आहे. गल्ल्या अरुंद आणि इमारती उंच. अशा ठिकाणी खिडकी किती मोठी आहे याला फारसा अर्थ नसतो. मुलाच्या खुर्चीवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीतून आकाश दिसतं का ते पाहायचं. एक पट्टा जरी दिसला तरी दिवसाचा उजेड कामाचा. फक्त समोरची भिंत दिसत असेल तर दुपारीही दिवा लागणार.

या घरात मागच्या खोलीत उत्तरेला छोटी खिडकी होती, तिच्यातून आकाश दिसत होतं. शिर्डी उत्तर अक्षांश २० च्या जरा खाली. वर्षातला बहुतेक काळ इथे सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरात दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा थंड, स्थिर उजेड. ऊन आलंच तर उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी, तिरकं. टेबल तिथे हलवलं, खिडकी डाव्या हाताला येईल असं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली मग अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्या मुलाला बरोबर उलट. तोंड पूर्वेला आलं म्हणून आजी खूश झाली, तो वरचा नफा.

रात्रीचा प्रश्न वेगळा. खोलीत ट्यूब होती, पण मुलीच्या पाठीमागच्या भिंतीवर. म्हणजे तिचीच सावली वहीवर. यावर लोक जास्त वॉटची ट्यूब आणतात. खरा उपाय अंतरात आहे. दिवा निम्म्या अंतरावर आणला की कागदावरचा उजेड सुमारे चौपट होतो. लिहिण्या-वाचण्यासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स असावा असं सर्वसाधारण प्रमाण आहे. छताजवळचा ९ वॉटचा एकटा बल्ब टेबलावर त्याच्या आसपासही पोचत नाही, पण ५ वॉटचा एलईडी दिवा छत्रीसह दीड फुटावर ठेवला तर हे प्रमाण आरामात गाठतो.

दिवा डावीकडे, जरा पुढे, आणि छत्रीची खालची कड मुलीच्या डोळ्यांच्या रेषेखाली. बल्ब दिसता कामा नये, फक्त उजेड दिसावा. नंतर वहीच्या जागी छोटा आरसा आडवा ठेवायचा. बसल्या जागेवरून आरशात दिवा दिसला तर गुळगुळीत पानांवरही त्याची चकाकी येणार. दिसेनासा होईपर्यंत दिवा बाजूला सरकवावा. वरच्या कपाटाखाली दिवा बसवलेली तयार टेबलं बहुतेकदा या परीक्षेत नापास होतात, कारण दिवा नेमका समोर असतो. टेबलावर काच असेल तर ती काढून ठेवलेली बरी. टेबललॅम्प लावताना खोलीतली ट्यूब बंद करू नये. उजळ वही आणि भोवती काळोख यांत डोळ्यांना सारखी जुळवाजुळव करावी लागते. बल्बच्या खोक्यावर ४००० केल्विन लिहिलेलं असेल तो घ्यावा.

वाचनाचा कोपरा वेगळा ठेवावा, कारण गोष्टीचं पुस्तक काही ताठ बसून वाचलं जात नाही. भिलारमध्ये २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ उभं राहिलं, तेव्हा पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांतही मांडली गेली. घरात कपाट आणि शेजारी बसायला जागा, एवढंच लागतं. या घरात त्याच उत्तरेच्या खिडकीखाली गादीची घडी, भिंतीला लोड आणि मुलीच्या हाताला येईल अशी एक फळी एवढं केलं. वाचताना गुडघे उभे करून पुस्तक मांडीवर टेकवलं की ते आपोआप फूटभर लांब राहतं. पालथं पडून वाचताना मात्र पुस्तक नाकाला लागतं, तेवढं टाळावं.

एवढं करून चष्मा टळेल, असं मी म्हणणार नाही. चांगल्या दिव्याने डोळे शिणत नाहीत आणि मूल वहीला चिकटत नाही, त्याचं काम तिथवरच. लांबचा नंबर लागण्याला आळा घालणारी गोष्ट घराबाहेर आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर नेलं गेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला, तर इतर मुलांत ३९.५ टक्क्यांना. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलावर आपण ५०० लक्ससाठी धडपडतो आणि बाहेर सावलीतही त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. म्हणून माझ्या हिशेबात संध्याकाळचा खेळ आधी आणि टेबललॅम्प नंतर.

आणि हे माप कायमचं नाही. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन-अडीच इंच वाढतात. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीत उंची मोजावी, गुडघ्यामागचं माप पुन्हा घ्यावं, घडी आणि फळी त्याप्रमाणे उतरवावी. मुलगी पाच फुटांच्या पुढे गेली की विटा निघतील आणि घडी पातळ होत जाईल. दहावीपर्यंतचं टेबल खऱ्या अर्थाने दहावीपर्यंत वापरायचं असेल, तर ते असं दर सहा महिन्यांनी नव्याने लावावं लागतं.